78 टक्के की 45 टक्के: अनुदान अर्जातला ‘गरज’ हा भाग लिहिताना

घरबसल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या एका छोट्या संस्थेत मी अर्ज, अहवाल, पत्रव्यवहार असली कामं बघते. चाळिशी ओलांडलेल्या सभासदांना जवळचं दिसायला त्रास होतो, त्यासाठी तपासणी आणि वाचनाचे चष्मे यांना अनुदान मिळावं म्हणून आम्ही अर्ज केला. जानेवारीत जाहिरात वाचली, सप्टेंबरात निकाल हातात आला. अर्जातलं बजेट, वेळापत्रक, संस्थेची माहिती हे सगळं कटकटीचं असतं पण जमून जातं. मला घाम फोडला तो ‘गरज’ या भागाने. मर्यादा 600 शब्दांची, आणि सूचनेत एकच ओळ: ‘समस्येचं स्वरूप आणि व्याप्ती पुराव्यासह मांडा.’ पुरावा म्हणजे किती आणि कसला, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमच्याकडे आदल्या वर्षीचा, दुसऱ्या एका निधीसाठी केलेला आणि नामंजूर झालेला अर्ज पडून होता. त्यातला गरजेचा परिच्छेद साधारण असा होता: ‘जगात 220 कोटी लोक दृष्टिदोषाने ग्रस्त आहेत. आमच्या 78 टक्के सभासदांना चष्म्याची नितांत गरज आहे. चष्म्याअभावी त्यांचं उत्पन्न घटत चाललं आहे. आमच्या भागात तपासणीची कोणतीही सोय नाही.’ खाली परीक्षकाचा शेरा: ‘टक्केवारीचा छेद कोणता? उत्पन्नाबाबतच्या विधानाला आधार काय?’ बाकी काही नाही.

पहिल्या वाचनात मला तो शेरा कुजकट वाटला. मग मी एकेका वाक्याचा आधार शोधायला बसले, आणि पुढचे तीन महिने त्यातच गेले.

220 कोटींचा आकडा खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या दृष्टीविषयक अहवालात तो आहे: किमान 220 कोटी लोकांना दूरचं किंवा जवळचं दिसण्यात दोष आहे. पण तोच अहवाल पुढे म्हणतो की त्यातल्या किमान 100 कोटी लोकांचा दोष टाळता आला असता किंवा त्यावर अजून उपाय झालेला नाही. त्या 100 कोटींमध्ये 82.6 कोटी लोक असे, ज्यांना वयोमानाने जवळचं दिसत नाही आणि चष्मा मिळालेला नाही. आमचा विषय हा शेवटचा. 220 कोटींत ज्यांच्या डोळ्यांवर व्यवस्थित चष्मा आहे असेही लोक येतात, मोतीबिंदूचेही येतात. मोठा आकडा दिला की वाक्य भारदस्त होतं, पण ज्याला विषय कळतो तो परीक्षक तिथेच थबकतो. आम्ही 82.6 कोटी ठेवला, एका वाक्यात, आणि लगेच आमच्या सभासदांकडे वळलो. जगाचा आकडा एवढंच सांगतो की ही अडचण आमच्यापुरती नाही. आमच्याकडे ती किती आहे याचा त्यातून काहीही बोध होत नाही.

78 टक्क्यांचं मूळ शोधायला मात्र कपाटं धुंडाळावी लागली. ते नोव्हेंबरातल्या शिबिराच्या कागदांत निघालं. शिबिराला 130 जणी आल्या होत्या, त्यातल्या 101 जणींना जवळचं नीट दिसत नव्हतं. 101 भागिले 130, म्हणजे 78 टक्के. गणित चोख. पण शिबिराच्या सूचनेत लिहिलं होतं: ‘जवळचं दिसायला त्रास होत असल्यास अवश्य या.’ ज्यांना त्रास होता त्याच आल्या. ज्यांना सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवता येतो ती कामाचा खाडा करून शिबिराला कशाला येईल? त्यामुळे हे 78 टक्के होते ते आलेल्यांचे. सगळ्या सभासदांबद्दल तो आकडा काहीच सांगत नव्हता. शिबिराचं फलित म्हणून तो अहवालात शोभतो. गरजेच्या मांडणीत तो घालणं म्हणजे दवाखान्याबाहेरच्या रांगेत उभं राहून गावात आजारी किती ते मोजण्यासारखं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला निधी देणाऱ्या संस्थेने शंका विचारण्यासाठी एक आठवडा ठेवला होता. असा काळ असेल तर तो वाया घालवू नका. मी कार्यक्रम अधिकाऱ्यांना फोन करून थेट विचारलं की आमच्याकडे शिबिराची आकडेवारी आहे, ती चालेल का. त्या म्हणाल्या, “चालेल, पण शिबिराची आहे असं लिहा. आणि तुमच्या एकूण सभासदांपैकी किती, हे सांगता आलं तर आमचं काम सोपं होईल.” नमुना किती मोठा हवा असंही विचारलं. त्यावर त्यांनी एवढंच सांगितलं की छोट्या संस्थेकडून संशोधनाची अपेक्षा नाही, पण आकडा कसा काढला हे दोन ओळींत समजलं पाहिजे. तो फोन दहा मिनिटांचाही नसेल, पण पुढची दिशा त्यातूनच मिळाली.

मग आम्ही सभासदांची नोंदवही काढली. नोंदवह्या कागदावर नीटनेटक्या दिसतात आणि हातात घेतल्या की भुसा निघतो. काही नावं दोनदा, काहीजणी केव्हाच काम सोडून गेलेल्या, काहींच्या वयाच्या रकान्यात नुसती रेघ. हिशेब बघणाऱ्या ताईंनी मजुरीच्या वहीशी पडताळून यादी साफ केली. गेल्या वर्षभरात निदान एकदा काम घेतलेल्या आणि वय 40 किंवा त्याहून जास्त असलेल्या सभासद निघाल्या 412. हा आमचा छेद. इथून पुढे प्रत्येक टक्केवारी या 412 शी जोडायची असं ठरलं.

सगळ्या 412 जणींची तपासणी अर्जाआधी शक्य नव्हती. त्यासाठीच तर निधी मागत होतो. म्हणून यादीतलं दर चौथं नाव घ्यायचं ठरवलं. सुरुवात पहिल्या चारपैकी कोणत्या नावापासून करायची यासाठी चिठ्ठी काढली, तिसरं नाव आलं. मग तिसरं, सातवं, अकरावं असं करत 103 नावं झाली. यादी सभासद झाल्याच्या तारखेनुसार होती, त्यामुळे जुन्या-नव्या दोघी आपोआप आल्या. यादी वाड्यावस्त्यांनुसार किंवा गटांनुसार असेल आणि दर चौथं नाव नेमकं गटप्रमुखाचं पडत असेल, तर ही पद्धत फसते. हे आधी बघून घ्यावं.

तपासणीसाठी ओळखीच्या एका ऑप्टोमेट्रिस्टने मानधन घेऊन वेळ दिला. खर्चातला मोठा वाटा तोच, त्याखालोखाल प्रवास. छपाई नगण्य. हे पैसे आम्ही संस्थेच्या सर्वसाधारण निधीतून घातले, कारण मंजुरीपूर्वीचा खर्च अनुदानातून भरून मिळणार नाही असं नियमावलीत स्पष्ट होतं. बऱ्याच ठिकाणी असंच असतं, म्हणून अर्जाआधी काही मोजायचं असेल तर ते पैसे कुठून येणार हे कार्यकारिणीत आधी बोलून घ्या.

मोजायचं काय, हेही ठरवावं लागलं. ‘दिसायला त्रास होतो का’ असं नुसतं विचारलं तर अर्ध्याजणी संकोचाने नाही म्हणतात आणि उरलेल्या चष्मा मिळेल या आशेने हो म्हणतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या घेतली: सध्या चष्मा असेल तर तो लावून, 40 सेंटिमीटरवरून एन 6 आकाराचं अक्षर वाचता आलं नाही, तर जवळच्या दृष्टीत दोष. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी वेगवेगळ्या दिशांना तोंड असलेल्या ‘ई’ आकाराचा तक्ता असतो, ‘ई’चे दात कुठल्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायचं.

40 सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतं. पहिल्याच घरी लक्षात आलं की माणूस नकळत पुढे वाकतो किंवा तक्ता लांब धरतो आणि वाचून मोकळा होतो. ऑप्टोमेट्रिस्टने तक्त्याला 40 सेंटिमीटरची दोरी बांधून आणली होती. दोरीचं टोक डोळ्याच्या कडेपाशी धरायचं, दोरी ताठ झाली की मगच वाचायला सांगायचं. उजेडाचंही तसंच. आतल्या अंधाऱ्या खोलीत बसलेली बाई नापास होते आणि तीच दारात आली की पास होते. म्हणून सगळ्यांची तपासणी दिवसाउजेडी, दाराजवळ किंवा ओसरीवर केली. या बारीकसारीक गोष्टी अर्जात एका ओळीत मावल्या, पण ती ओळ लिहिता आली याचा फार उपयोग झाला.

एका घरी यादीतली बाई बाहेर गेली होती. शेजारची सभासद म्हणाली, “अहो, ती नाही तर माझे तपासा की, मला तर काजं घालताना काहीच दिसत नाही.” तिचे डोळे तपासले, काय करायचं ते सांगितलं, पण तिला मोजणीत धरलं नाही. मदतीला आलेल्या मुलीला हा आडमुठेपणा वाटला. एक गेली, एक आली, संख्या तीच राहिली ना? पण जी स्वतःहून पुढे येते तिला बहुधा त्रास असतोच. अशा दहा-बारा बदली नावांनी नमुन्याचं पुन्हा शिबीर झालं असतं. न भेटलेलीच्या घरी पुन्हा जायचं, तरी नाही भेटली तर ‘भेटली नाही’ असं लिहायचं.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच प्रत्येकीला सांगितली: ही तपासणी अर्जासाठी आहे, चष्मा मिळेलच असं नाही, नाही म्हणालात तरी काम मिळण्यावर परिणाम होणार नाही. मोजायला गेलं की आशा लागते, आणि अर्ज नामंजूर झाला तर तोंड आपल्यालाच दाखवायचं असतं. ज्यांच्यात दोष आढळला त्यांना तपासणीचा कागद त्याच वेळी हातात दिला, म्हणजे कुणाला स्वतःच्या पैशांनी चष्मा करायचा असेल तर थांबायला नको.

मार्चच्या अखेरीस आकडे जमले. 103 पैकी 88 जणींची तपासणी झाली. 15 जणी भेटल्या नाहीत किंवा नको म्हणाल्या. 88 पैकी 49 जणींना एन 6 वाचता आलं नाही. म्हणजे 56 टक्के.

78 वरून 56. कार्यकारिणीच्या बैठकीत चेहरे उतरले. एक सदस्य म्हणाले, “शिबिराचा आकडाही खोटा नाही ना? मग तोच द्या. बाकीचे अर्जदार काय आकडे कमी करून देणार आहेत?” हा प्रश्न प्रत्येक संस्थेत कधी ना कधी येतो आणि त्याला नुसत्या सचोटीच्या गप्पांनी उत्तर देता येत नाही. ताईंनी व्यवहाराचं उत्तर दिलं. 412 चे 78 टक्के म्हणजे 321 चष्मे मागायचे, मंजूर झाले तर तेवढे वाटल्याचं वर्षअखेरीस दाखवायचं. तेवढे डोळे आणायचे कुठून? बैठक तिथे संपली.

पण ऑप्टोमेट्रिस्टने खरी गोची पुढे दाखवून दिली. 49 जणींना तिने लगोलग वाचनाची भिंगं लावून पाहिली होती. त्यातल्या 40 जणींना भिंग लावल्यावर एन 6 वाचता आलं. 9 जणींना आलं नाही. त्यांना मोतीबिंदू किंवा दुसरं काही असण्याची शक्यता होती आणि डॉक्टरांकडे पाठवणं भाग होतं. म्हणजे अडचण 56 टक्क्यांची, पण आम्ही जो उपाय मागत होतो तो लागू पडतो 88 पैकी 40 जणींना, 45 टक्क्यांना. उरलेल्यांना तयार चष्मा देणं म्हणजे पैसे वाया घालवणं, आणि वर ‘चष्मा मिळाला, आता डॉक्टर कशाला’ असं वाटून खरा आजार अंगावर काढला जाण्याचा धोका. समस्या किती आणि आपल्या उपायाने सुटणारी समस्या किती, हे दोन आकडे वेगळे आहेत. गरजेच्या भागात दोन्ही यायला हवेत, आणि बजेट दुसऱ्याला बांधलेलं हवं. त्या 9 जणींसाठी आम्ही कामाच्या आराखड्यात डॉक्टरांकडे नेण्याची सोय घातली. ती आधी नव्हतीच.

आता हा 45 टक्के आकडा कितपत पक्का? 88 जणींवरून 412 जणींबद्दल बोलायचं तर थोडं इकडेतिकडे होणारच. आमच्यात संख्याशास्त्र शिकलेलं कुणी नाही. एका ओळखीच्या प्राध्यापकांनी ढोबळ रीत सांगितली: तपासलेल्यांच्या संख्येचं वर्गमूळ काढा आणि 1 ला त्याने भागा. 88 चं वर्गमूळ साधारण 9.4, 1 भागिले 9.4 म्हणजे 0.106, म्हणजे जवळपास 11 टक्के कमी किंवा जास्त. टक्केवारी 50 च्या आसपास असेल तेव्हा ही रीत ठीक चालते, 5 किंवा 95 टक्क्यांजवळ चालत नाही. नीट सूत्राने काढलं तेव्हा पट्टा 35 ते 56 टक्के आला. 412 मध्ये बसवला तर साधारण 145 ते 230 जणी, मधला आकडा 187.

त्यांनी दुसरी एक साधी कसोटीही सांगितली आणि मला ती जास्त आवडली, कारण ती कुणालाही समजते. न भेटलेल्या 15 जणींचं काय? समजा त्या सगळ्यांना स्वच्छ दिसतं. मग 103 पैकी दोष असलेल्या 49, म्हणजे 48 टक्के. समजा त्या सगळ्यांना दोष आहे. मग 103 पैकी 64, म्हणजे 62 टक्के. आमचे 56 या दोन टोकांच्या मध्ये आहेत, आणि दोन्ही टोकांना गरज आहे हे कायम राहतं. टोकं फार लांब गेली असती, म्हणजे समजा अर्ध्याअधिक जणी भेटल्याच नसत्या, तर हा आकडा देण्यात अर्थ नव्हता. मग आणखी घरं फिरावी लागली असती, नाहीतर शिबिराचे आकडे शिबिराचे म्हणून द्यावे लागले असते.

उत्पन्नाच्या वाक्यावर सर्वांत जास्त वादावादी झाली. सगळ्यांनाच ते मनोमन पटलेलं होतं: दिसत नाही म्हणून बारीक काम सुटतं, बारीक कामाला मजुरी जास्त, म्हणून कमाई घटते. मजुरीची वही होतीच. ताईंनी तपासलेल्या 88 जणींची वर्षाची मजुरी काढली. दोष असलेल्यांची सरासरी खरोखरच कमी निघाली. सदस्य खूश. पण दोष असलेल्यांचं वयही बऱ्यापैकी जास्त होतं. जवळचं न दिसणं वयानेच येतं. पाठ दुखणं, बोटं आखडणं, घरात नातवंडांचं करणं, तेही वयानेच येतं. फक्त पन्नाशीतल्या सभासद एकमेकींशी ताडून पाहिल्या तर फरक बराच आटला आणि हातात उरलेल्या बायका इतक्या कमी की दोघी इकडच्या तिकडे झाल्या तर निष्कर्ष बदलला असता. मग ते वाक्य काढलं.

त्याच्या जागी जे सांगता येत होतं ते घातलं. तपासणीच्या वेळी सगळ्या 88 जणींना एक प्रश्न विचारला होता: गेल्या दोन वर्षांत तुरपाई, काजं, मणीकाम यांपैकी काही काम तुम्ही सोडलं का? दोष असलेल्या 49 पैकी 28 जणी हो म्हणाल्या. हा प्रश्न दोष नसलेल्यांनाही विचारला होता, हे नशीब. त्या 39 पैकी 9 जणीही हो म्हणाल्या. नुसता 28 चा आकडा दिला असता तर तो जास्त उठून दिसला असता, पण 9 जणींनी डोळे चांगले असूनही काम सोडलंय, हे शेजारी ठेवल्याशिवाय त्या 28 ला वजन येत नाही. आम्ही दोन्ही लिहिले आणि पुढे जोडलं: ‘दोष असलेल्यांचं वय सरासरीने जास्त असल्याने हा फरक केवळ दृष्टीमुळे आहे असा आमचा दावा नाही.’ हे वाक्य अर्जात ठेवताना माझाही हात अडखळला. शब्दमर्यादेत स्वतःच्या विरोधात जाणारं वाक्य घालायचं म्हणजे जिवावर येतं.

चष्म्याने काम वाढतं याला पुरावा नाही असं मात्र नाही. लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या नियतकालिकात 2018 मध्ये आसामच्या चहामळ्यांतल्या 40 आणि त्यावरील वयाच्या कामगारांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चिठ्ठी टाकून दोन गट केले, एकाला वाचनाचे चष्मे लगेच दिले, दुसऱ्याला प्रयोग संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची उत्पादकता दुसऱ्या गटापेक्षा 21.7 टक्क्यांनी जास्त वाढली. प्रयोग भक्कम आहे, पण तो चहाची पानं खुडण्यावर आहे. ‘चष्म्यामुळे आमच्या सभासदांचं उत्पन्न 21.7 टक्क्यांनी वाढेल’ असं कच्च्या मसुद्यात एकाने लिहिलंही होतं. आम्ही तो संदर्भ गरजेच्या भागातून उचलून उपायाच्या भागात नेला, आणि तिथेही एवढंच म्हटलं की जवळच्या नजरेच्या दुसऱ्या एका कामात परिणाम मोजला गेला आहे, शिवणकामात तो किती होतो हे आम्ही वर्षभरात नोंदवू.

शेवटचं वाक्य राहिलं: ‘आमच्या भागात तपासणीची कोणतीही सोय नाही.’ एक तर ते पूर्ण खरं नव्हतं, चष्म्याची दुकानं होती. दुसरं म्हणजे सोय नाही ही आपल्या उपायाची उलटी बाजू झाली. ‘आम्हाला केंद्र हवं, कारण केंद्र नाही’ यातून गरज सिद्ध होत नाही. त्याऐवजी दोष असलेल्या 49 जणींकडे नीट चालणारा चष्मा का नाही ते लिहिलं: 31 जणींनी आयुष्यात कधी चष्मा केलाच नव्हता, 11 जणींकडे होता पण नंबर वाढला होता, 7 जणींचा मोडला किंवा हरवला होता. या तीन आकड्यांनी आराखडाही बदलला. ज्यांनी कधीच केला नाही त्यांच्यासाठी घराजवळ तपासणी हवी, पण मोडका किंवा जुना चष्मा असलेल्यांसाठी दुरुस्ती आणि नंबर पुन्हा तपासण्याची व्यवस्था हवी.

आकडे गटवार द्यायचे होते, पण काही गटांत तपासलेल्या तीन-चारच जणी होत्या. ‘अमुक गटात तिघींपैकी दोघींना संशयित मोतीबिंदू’ असं लिहिलं की नाव न घेताही सगळ्यांना कळतं कोण ते. पाचपेक्षा कमी संख्या असलेले रकाने आम्ही एकत्र केले.

शेवटी अर्जात गेलेला मुख्य परिच्छेद असा होता:

‘संस्थेच्या 40 व त्यावरील वयाच्या 412 कार्यरत सभासदांच्या यादीतून दर चौथं नाव घेऊन 103 जणींची निवड केली. 88 जणींची तपासणी झाली (फेब्रुवारी–मार्च). 40 सेंटिमीटरवरून, असल्यास सध्याचा चष्मा लावून, 49 जणींना (56 टक्के) एन 6 अक्षर वाचता आलं नाही. त्यांपैकी 31 जणींनी यापूर्वी कधीही चष्मा वापरलेला नाही. वाचनाच्या भिंगाने 40 जणींची (तपासलेल्यांपैकी 45 टक्के) अडचण दूर झाली, 9 जणींना पुढील तपासणीची गरज आहे. नमुना लहान असल्याने एकूण सभासदांत चष्म्याची गरज असलेल्यांची संख्या 145 ते 230 च्या दरम्यान असावी, असा आमचा अंदाज आहे. हे निष्कर्ष आमच्या सभासदांपुरते आहेत.’

‘नितांत’, ‘भयावह’, ‘तातडीची’ ही विशेषणं गेली. त्यांची जागा कंसातल्या पद्धतीच्या तपशिलांनी घेतली आणि शब्दसंख्या तेवढीच राहिली.

एप्रिलच्या मध्याला मुदत होती. आदल्या दिवशी एका बाहेरच्या मैत्रिणीला फक्त हा भाग वाचायला दिला आणि प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून ‘कशापैकी?’ असं विचारायला सांगितलं. एका ठिकाणी ती अडली. 45 टक्के हे 88 चे की 49 चे, हे तेव्हा स्पष्ट नव्हतं. कंसातले ‘तपासलेल्यांपैकी’ हे शब्द तिच्यामुळे आले. पोर्टलवर चिकटवताना टक्क्याचं चिन्ह काही ठिकाणी गायब झालं, म्हणून सगळीकडे ‘टक्के’ असं अक्षरांत लिहिलं. सादर केल्यावर पुन्हा उघडून वाचून पाहा, हे आवर्जून सांगते.

मग शांतता. मे, जून असेच गेले. या काळात विचारपूस करू नये असं नियमावलीत होतं, तरी फोनकडे हात जायचा.

जुलैत परीक्षकांचे दोन प्रश्न ईमेलने आले. पहिला: संख्या 230 पर्यंत जाऊ शकते, तर चष्मे 190च का मागितले? उत्तर दिलं की बजेट मधल्या अंदाजावर आहे. आधी सर्व 412 जणींची तपासणी करून मग खरेदी दोन हप्त्यांत करणार, गरज 190 च्या वर गेली तर वरचा खर्च संस्था करेल, त्याचा कार्यकारिणीचा ठराव सोबत जोडला. दुसरा प्रश्न शिबिराबद्दल होता, कारण संस्थेच्या वार्षिक अहवालात त्यांना 78 टक्के दिसले होते! दोन ठिकाणी दोन आकडे का? याचं उत्तर लिहायला पाच मिनिटं लागली, कारण ते आधीच नीट समजलेलं होतं. अर्जात शिबिराचा आकडाही त्याच्या नावानिशी एका ओळीत द्यायला हवा, हे मात्र पुढच्या अर्जासाठी टिपून ठेवलंय. परीक्षक संस्थेचे बाकीचे कागदही वाचतात.

सप्टेंबरात मंजुरीचं पत्र आलं. रक्कम मागितल्यापेक्षा थोडी कमी होती, प्रशिक्षणाचा खर्च वगळला होता. करारात एक अट आहे: वर्षअखेरचं मोजमाप त्याच व्याख्येने करायचं, एन 6, 40 सेंटिमीटर, दिवसाचा उजेड. आणि सर्व सभासदांच्या तपासणीत चष्म्याची गरज 145 पेक्षा कमी निघाली, तर दुसऱ्या हप्त्याची रक्कम उचलण्याआधी लेखी कळवायचं. तपासणी पुढच्या आठवड्यात सुरू होतेय, दोऱ्या बांधलेले आणखी चार तक्ते करून घेतलेत.